कॅलरी तेवढ्याच, ताट मोठं: ऊर्जाघनता आपल्या जेवणात कशी वापरायची

प्रश्न: माझं वय ४१, दिवसभर बसून काम. दुपारच्या डब्यात तीन पोळ्या, बटाट्याची परतलेली भाजी आणि शेंगदाण्याची चटणी असते. जेवण साडेसातशे कॅलरींच्या आत बसवते, पण चार वाजले की भूक लागते आणि बिस्किटं, शेव असं काहीतरी खाल्लं जातं. एक पोळी कमी करून पाहिली, तर तीनलाच भूक. ऊर्जाघनता कमी असलेलं खाल्लं तर तेवढ्याच कॅलरीत पोट जास्त भरतं, असं वाचलं. हे खरं आहे का, आणि आपल्या नेहमीच्या स्वयंपाकात ते करायचं कसं?

उत्तर:

खरं आहे, आणि तुमच्या डब्याला तर ते नेमकं लागू पडतं, कारण त्यातल्या पोळीत आणि चटणीत पाणी फार कमी आहे आणि भाजीत तेल बरंच आहे.

एक ग्रॅम पदार्थातून किती कॅलरी मिळतात, ती त्याची ऊर्जाघनता. ती ठरते पदार्थात काय किती आहे यावरून. तेल-तुपाच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात, पिष्ट, साखर आणि प्रथिनांच्या एका ग्रॅममधून ४, तंतुमय भागातून साधारण २ आणि पाण्यातून शून्य. म्हणून पदार्थातलं पाणी वाढलं की घनता झपाट्याने उतरते आणि तेल वाढलं की तितकीच झपाट्याने चढते. बाकी सगळ्या गोष्टींचा परिणाम या दोहोंच्या मानाने लहान असतो. काकडी किंवा दुधी ग्रॅमला ०.१५ कॅलरी, कोबी-पालक ०.२ ते ०.३, बटाटा पाऊण, शिजलेला भात १.३ च्या आसपास, तेल लावलेली पोळी तीनच्या जवळ, शेव साडेपाच, शेंगदाणेही साडेपाच आणि तेल ९. एवढे आकडे मनात असले तरी रोजच्या निर्णयांना पुरतात. पाकिटावर १०० ग्रॅममागची ऊर्जा छापलेली असते. तिला शंभराने भागलं की घनता मिळाली.

आता पोट वजनाला का दाद देतं ते पाहू. जठराच्या भिंतीत ताण ओळखणारे मज्जातंतू असतात. जेवण आत गेलं, भिंत ताणली गेली, की व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे तो निरोप मेंदूकडे जातो. आत किती कॅलरी आल्या याचा हिशोब आतड्यांमधले संप्रेरक नंतर, सावकाश देतात. त्यामुळे जेवताना ‘बस झालं’ असं वाटण्यात आकार आणि वजन यांचा वाटा मोठा असतो. आपण बहुतेक जण रोज साधारण तेवढ्याच वजनाचं जेवतो. त्या वजनात कॅलरी किती आहेत, ते जेवताना नीट कळत नाही. तुमच्या डब्याचं सगळं वजन साधारण सव्वातीनशे ग्रॅम भरेल. एवढ्यावर पोटाने दुपारभर गप्प बसावं ही अपेक्षाच अवघड आहे. त्यातली पोळी काढली तर ते पावणेतीनशेवर येतं, म्हणून तुम्हाला तीनलाच भूक लागली.

यावरचं सर्वात बोलकं काम अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी केलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात २४ स्त्रियांना जेवणाआधी २७० कॅलरींचा एक पदार्थ दिला गेला. एका खेपेला कोंबडी, भात आणि भाज्यांचा घट्ट भाजलेला पदार्थ, दुसऱ्या खेपेला तोच पदार्थ आणि सोबत ३५६ ग्रॅम पाणी, तिसऱ्या खेपेला तेच जिन्नस त्याच पाण्यात शिजवून केलेलं सूप. नंतर समोर जेवण ठेवलं आणि हवं तेवढं घ्यायला सांगितलं. घट्ट पदार्थानंतर त्या सरासरी ३९२ कॅलरींचं जेवल्या, सोबत पाणी प्यायल्यावर ३९६ आणि सूपनंतर २८९. रात्रीच्या जेवणात त्यांनी ही तूट भरूनही काढली नाही. जिन्नस तेच, पाणी तेच, पण पाणी पदार्थात शिजलेलं असल्यावरच त्याचा उपयोग झाला. नुसतं प्यायलेलं पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं. अन्नात मुरलेलं पाणी अन्नाबरोबर थांबतं, शिवाय वाटीही मोठी दिसते, चमचे जास्त लागतात, जेवायला वेळ लागतो. म्हणून ‘जेवणाआधी दोन ग्लास पाणी प्या’ या सल्ल्यावर मी फारसं विसंबत नाही. पाणी पातेल्यात घालावं.

आपल्याकडे हा प्रयोग घरोघरी होतच असतो, झुणका आणि पिठलं. दोन्हींत ५० ग्रॅम बेसन धरा, म्हणजे १८५ कॅलरी, आणि कांद्याच्या २५. झुणका मोकळा व्हायला, तळाला न लागता परतला जायला पंधरा ग्रॅम तरी तेल लागतं, त्याच्या १३५. एकूण ३४५ कॅलरी आणि कढईतलं वजन जेमतेम १७० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला दोन. पातळ पिठल्याला फोडणीपुरतं आठ ग्रॅम तेल पुरतं, पाणी दीड-दोन वाट्या जातं. कॅलरी २८० आणि वजन साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे, म्हणजे ग्रॅमला पाऊण ते ०.८. प्रथिनं दोन्हींत सारखीच. चव सोडायची नाही, पीठही सोडायचं नाही, फक्त पदार्थाचं रूप बदलायचं.

धान्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवली की बराच गोंधळ सुटतो. कोरडी कणीक, ज्वारीचं पीठ, तांदूळ, रवा, पोहे, डाळी हे सगळं ग्रॅमला साधारण साडेतीन कॅलरींच्या जवळपास असतं, थोडं इकडेतिकडे. फरक पडतो तो ते शिजताना किती पाणी धरून ठेवतात यात. तांदूळ शिजून जवळजवळ तिप्पट होतो. तूरडाळीचं पातळ वरण किंवा आमटी कोरड्या डाळीच्या आठपट वजनाचीही होते. कणकेचं मात्र तसं नाही. मळताना घातलेल्या पाण्यातलं बरंच तव्यावर उडून जातं, म्हणून ३५ ग्रॅम कणकेची पोळी भाजून पन्नासेक ग्रॅमच भरते. वजन कमी करायचं म्हणून भात बंद करून पोळ्या वाढवणारे पुष्कळ जण येतात. नुसत्या घनतेच्या अंगाने पाहिलं तर त्यांनी उलटं केलेलं असतं. मधुमेह असेल तर भाताचा विचार साखर किती वाढते यावरूनही करावा लागतो, तो भाग वेगळा. भाकरीचंही तेच. तेल नसल्याने ती पोळीपेक्षा थोडी बरी, पण एका मध्यम भाकरीत साठ-सत्तर ग्रॅम पीठ सहज जातं, म्हणजे दोन पोळ्यांचं. एका पोळीच्या जागी एक भाकरी घेतली तर पीठ दुप्पट झालं.

आता तुमचा डबा मांडू. तुम्ही प्रमाणं दिलेली नाहीत, म्हणून मी नेहमीची धरते. वजनकाट्यावर तुमचे आकडे थोडे वेगळे येतील.

तीन पोळ्यांना १०५ ग्रॅम कणीक, म्हणजे ३६० कॅलरी. घडीत लावलेलं आणि वरून सोडलेलं मिळून प्रत्येकी तीन ग्रॅम तेल, म्हणजे आणखी ८०. पोळ्यांच्या झाल्या ४४०, वजन दीडशे ग्रॅम. भाजीत दीडशे ग्रॅम बटाटा, थोडा कांदा आणि दहा ग्रॅम तेल, म्हणजे २१० कॅलरी आणि १६० ग्रॅम. चटणी पंधरा ग्रॅम, ८० कॅलरी. एकूण ७३० कॅलरी, ३२५ ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला सव्वादोन. प्रथिनं सतराएक ग्रॅम.

याच ७३० कॅलरींत दुसरा डबा भरू. पोळ्या दोन, घडीत प्रत्येकी दोन ग्रॅम तेल आणि वरून काही नाही. २७५ कॅलरी, शंभर ग्रॅम. भाजी कोबी-बटाट्याची: दोनशे ग्रॅम कोबी, पंच्याहत्तर ग्रॅम बटाटा, थोडा कांदा, पाच ग्रॅम तेल. हिच्या १६० कॅलरी आणि शिजून २४० ग्रॅम वजन. तीस ग्रॅम तूरडाळीची आमटी, टोमॅटो, चिमूटभर गूळ आणि तीन ग्रॅम तेलाची फोडणी. १५० कॅलरी, अडीचशे ग्रॅम. कोशिंबीर काकडी-टोमॅटोची, दीडशे ग्रॅम भाजीला पन्नास ग्रॅम दही आणि एक छोटा चमचा दाण्याचं कूट: ८५ कॅलरी, २०५ ग्रॅम. चटणी छोटा चमचाभर, पाच ग्रॅम, ३० कॅलरी. या झाल्या ७००, वजन आठशे ग्रॅम. उरलेल्या तीस कॅलरींत लोणी काढलेलं ताक वाटीभर बसतं. ताकासारखी पेयं घनतेच्या हिशोबात धरायची नाहीत, नाहीतर पाण्याचा ग्लास ठेवूनही कागदावर ताटाची घनता उतरलेली दिसते.

म्हणजे कॅलरी त्याच आणि जेवण सव्वातीनशेवरून आठशे ग्रॅमवर. घनता सव्वादोनवरून ०.९. प्रथिनं बावीस ग्रॅमच्या आसपास, कारण डाळ आणि दही आत आलं. आणि बटाटा, चटणी, पोळी यांतलं काहीच हद्दपार केलेलं नाही. या दोन डब्यांतला खरा व्यवहार बघा. एक पोळी आणि तिच्यावरचं तेल, भाजीतलं निम्मं तेल, निम्मा बटाटा आणि चटणीचे दहा ग्रॅम काढून जवळजवळ तीनशे कॅलरी मोकळ्या केल्या, आणि त्यातून आमटीची मोठी वाटी, कोशिंबीर, कोबी आणि ताक विकत घेतलं. कॅलरी कमी करण्याआधी हा बदल करून पाहा. आठशे ग्रॅम तुम्हाला बहुधा जास्तच होईल. तसं झालं तर पहिल्यांदा दुसऱ्या पोळीचा अर्धा भाग ठेवून द्या. आमटी आणि कोशिंबीर ठेवू नका.

यात सगळ्यात जास्त घात तेलच करतं, म्हणून त्याबद्दल थोडं थांबून सांगते. लहान चमचाभर तेल साडेचार-पाच ग्रॅम, म्हणजे ४० ते ४५ कॅलरी. मोठा चमचा भरला की सव्वाशेच्या घरात. वरच्या हिशोबातल्या दोनशे ग्रॅम कोबीच्या सगळ्या मिळून कॅलरी ४५. म्हणजे भाजीत एक चमचा तेल जास्त पडलं की कोबीची पूर्ण कमाई गेली. वांग्याची गोष्ट याहून पुढची. कच्चं वांगं ग्रॅमला पाव कॅलरीचं, पण त्याचा गर सच्छिद्र असल्याने कढईतलं तेल ते शोषून घेतं, आणि भरली वांगी करताना दाणे, खोबरं आणि तेल मिळून तीच भाजी ग्रॅमला दीड-दोनवर जाते. ‘मी भाजी भरपूर खाते’ असं कोणी सांगितलं की मी आधी विचारते, ती भाजी कशी करता. घरात माणशी तेल किती जातं, हे काढायला महिन्याचा डबा पुरे. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर ते जवळपास ३,७०० ग्रॅम झालं, माणशी रोज तीस ग्रॅम, पावणेतीनशे कॅलरी. यात तूप, लोणी, दाणे, खोबरं आणि बाहेरचं खाणं धरलेलंच नाही.

तेल कमी करायचं तर भाजी वाफेवर शिजवायची जुनी रीत कामाला येते. कढईवर खोलगट झाकण ठेवायचं, झाकणात पाणी घालायचं. आतली वाफ थंड झाकणाला लागून खाली पडते, भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते, लागत नाही. मधूनमधून झाकणातलं गरम पाणी भाजीत टाकता येतं. पाच ग्रॅम तेल दोन माणसांच्या भाजीला मात्र पुरणार नाही, तो आकडा एका माणसाचा आहे. फोडणी होईल एवढं तेल तळाला असायलाच हवं, नाहीतर मोहरी तडतडत नाही, हिंग-हळद करपते आणि आठवड्यात घरातले कंटाळतात. तेल अगदी शून्य करायला मी कधीच सांगत नाही. चव जाते, आणि भाज्यांमधलं अ जीवनसत्त्वाचं कॅरोटीन शरीरात शोषलं जायला थोडी चरबी लागतेच.

कोशिंबीर खाण्याचा क्रमही कामाचा आहे. बार्बरा रोल्स यांच्याच प्रयोगशाळेने २००४ साली जेवणाआधी सॅलड देऊन पाहिलं. कमी घनतेचं मोठं सॅलड, ३०० ग्रॅम, आधी खाल्ल्यावर सॅलड धरून पूर्ण जेवणाच्या कॅलरी १२ टक्क्यांनी कमी झाल्या. पण त्याच आकाराच्या सॅलडमध्ये चीज आणि तेलकट ड्रेसिंग घालून घनता वाढवली, तेव्हा जेवणाच्या कॅलरी १७ टक्क्यांनी वाढल्या. दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. आपल्या कोशिंबिरीत चीजची जागा दाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि वरून घातलेली तुपाची फोडणी घेते. दोन मोठे चमचे कूट शंभर कॅलरींच्या पुढे जातं. कूट छोटा चमचा ठेवा आणि चव हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, जिरं यांच्याकडून घ्या. डबा उघडला की आधी कोशिंबीर आणि अर्धी आमटी, मग पोळी-भाजी. घरी असाल तर आमटीच्या जागी टोमॅटोचं सार चालेल, पण त्यात डाळ नसते, तेव्हा ती प्रथिनं दुसरीकडून यायला हवीत. सोलकढी मात्र या कामाची नाही, नारळाच्या दुधात चरबी बरीच असते.

डब्याच्या दोन अडचणी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात येतील. कोशिंबिरीत सकाळी मीठ घातलं की दुपारपर्यंत काकडीचं पाणी सुटून सगळं पांचट होतं. म्हणून चिरलेली काकडी-टोमॅटो वेगळी, दही आणि कूट छोट्या डबीत, मीठ खाताना. आमटी सांडते म्हणून ती घट्ट करून न्यायचा मोह होतो. त्यापेक्षा चांगल्या झाकणाची बरणी घ्या, कारण पाणी काढलं तर आमटीचा निम्मा उपयोग गेला. पातळ पदार्थ वाढले की दिवसाचं मीठही वाढतं. रक्तदाब असेल तर आमटी, सार, ताक या सगळ्यांत मीठ घालू नका, एकात आंबट आणि एकात मीठ असं वाटून घ्या.

आता चार वाजताच्या भुकेबद्दल. घनता कमी ठेवली की जेवताना लवकर समाधान होतं, हे पक्कं आहे. पण ते समाधान पुढे किती तास टिकेल, हे प्रथिनं, तंतू आणि थोड्या चरबीवरही अवलंबून असतं. दुधीची भाजी, काकडी, टोमॅटोचं सार आणि एक पोळी असं जेवण घनतेने अगदी कमी असतं, पोट तिथल्या तिथे टम्म भरतं आणि दोन तासांत पुन्हा रिकामं वाटतं. ऊर्जाघनतेचा मार्ग फसला असं सांगणाऱ्यांच्या जेवणात मला बहुतेक वेळा हेच दिसतं. त्यात ना डाळ, ना दही, ना अंडं. म्हणून वरच्या डब्यात मी मोकळ्या झालेल्या कॅलरींतल्या निम्म्या डाळीकडे दिल्या. तुम्ही मांसाहारी असाल तर आमटीत एक उकडलेलं अंडं किंवा रश्शातला मासा चांगला बसतो. तळलेला रवा लावलेला तुकडा मात्र वेगळाच हिशोब आहे.

आणि भूक लागलीच तर? चुरमुरे, खाकरा, भाजक्या पोह्यांचा चिवडा हे हातात हलके लागतात म्हणून निवडले जातात. पण ते कोरडे आहेत. खाकरा ग्रॅमला चारच्या पुढे, चुरमुरेही साडेतीनच्या वर. चुरमुऱ्यांत हवा असते म्हणून वाटी मोठी दिसते आणि त्याचा थोडा फायदाही होतो, वीस ग्रॅममध्ये मोठी वाटी भरते. त्यात कांदा, टोमॅटो, काकडी आणि मूठभर उकडलेली मटकी घालून लिंबू पिळलं तर खरंच चांगलं खाणं होतं. शेव टाकली की पुन्हा मूळ पदावर. फळ खायचं तर अख्खं. २००९ साली रोल्स यांच्याच गटाने सफरचंद, शिजवून गाळलेलं सफरचंद आणि रस यांची तुलना केली. कॅलरी सारख्या असूनही जेवणाआधी अख्खं सफरचंद खाणाऱ्यांनी नंतर सर्वात कमी खाल्लं, आणि काहीच न खाता जेवायला बसल्याच्या तुलनेत त्यांच्या एकूण कॅलरी १५ टक्के कमी झाल्या. रसाने तसं काही साधलं नाही. पेरू, पपई, संत्रं यांनाही हा तर्क लागू पडतो.

उपवास करत असाल तर तोही दिवस पाहून घ्या, कारण आठवड्यातला सर्वात घन दिवस बहुधा तोच असतो. पाऊण वाटी साबुदाण्याच्या खिचडीत ७५ ग्रॅम साबुदाणा, तीस ग्रॅम दाण्याचं कूट, दहा ग्रॅम तूप आणि थोडा बटाटा धरला तरी ५५० कॅलरी होतात आणि वजन सव्वादोनशे ग्रॅम. पन्नास ग्रॅम भगर पाण्यात मऊ शिजवून, पंधरा ग्रॅम दाण्यांची पातळ आमटी चमचाभर तुपाच्या फोडणीची आणि काकडी, असं घेतलं तर सव्वातीनशे कॅलरींत पाचशे ग्रॅमच्या आसपास जेवण होतं. वर एक वाटी दही घ्यायला जागा उरते.

सुरुवात हळू करा. आज दिवसभरात भाजी दीडशे ग्रॅम आणि उद्यापासून पाचशे, असं केलं तर पोट फुगतं, गुरगुरतं, आणि लोक हे सगळं सोडून देतात. पहिल्या आठवड्यात फक्त आमटी आणि तेलाचं माप. दुसऱ्या आठवड्यात कोशिंबीर. मग भाजीचं प्रमाण. कोबीने वायू होत असेल तर दुधी, पडवळ, लाल भोपळा, दोडका यांनी सुरुवात करा. यांचीही घनता तितकीच कमी आहे.

काही लोकांनी हे करू नये, हेही स्पष्ट सांगायला हवं. भूक मंदावलेले वृद्ध, वजन कमी असलेले, क्षयरोगातून किंवा मोठ्या आजारातून उठलेले, पाच वर्षांखालची मुलं यांचं पोट थोडक्यातच भरतं. त्यांना पातळ आमटी आणि कोशिंबिरीने पोट भरून दिलं तर हवी ती ऊर्जा मिळतच नाही. त्यांच्या वरणात तूप, पोळीबरोबर दाण्याची चटणी, असं उलट्या दिशेने जावं लागतं. म्हणून घरात एकच स्वयंपाक होत असेल तर भाजी सगळ्यांची कमी तेलाची करा आणि आजीच्या, नातवंडाच्या ताटात तूप वरून वाढा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी, पोटॅशियम आणि डाळ यांची मर्यादा डॉक्टरांनी घालून दिलेली असते, तिथे हा डबा चालणार नाही. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो असा त्रास किंवा जठराची शस्त्रक्रिया झालेली असेल तरीही नाही. आणि तुम्ही इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, घेत असाल तर एक पोळी आणि निम्मा बटाटा कमी केल्याने पिष्ट कमी होईल आणि त्याच मात्रेवर साखर खाली जाऊ शकते. बदल करण्याआधी डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोला.

जमतंय की नाही ते कसं कळेल? दोन आठवडे तीनच नोंदी ठेवा: जेवण संपवताना पोट कितपत भरलं, पुन्हा भूक किती वाजता लागली, आणि घरातल्या तेलाच्या डब्याची पातळी. जेवतानाच पोट भरत नसेल तर ताटात पाणी कमी आहे, आमटी घट्ट होतेय किंवा कोशिंबीर उरतेय. जेवताना भरलं पण तीनला भूक लागली तर डाळ तीसवरून चाळीस ग्रॅम करा आणि त्या पस्तीस कॅलरी चटणी आणि भाजीच्या तेलातून काढा. भूक बरी आहे, पोटही भरतंय, तरी महिन्याने वजनकाटा हलत नसेल, तर जेवणाला हात लावण्याआधी तेल पुन्हा मोजा. चमचा हळूहळू मोठा झालेला असतो. तेलही जागेवर असेल, तेव्हाच दुसरी पोळी अर्धी करा.